आईच्या मणक्यात सिमेंट भरायचं का, आठवड्याभरात ठरवायला सांगितलंय

प्रश्न:
नमस्कार डॉक्टर, आई ७४ वर्षांची आहे, वजन ४८ किलो. तीन आठवड्यांपूर्वी अर्धी भरलेली बादली उचलताना पाठीत एकदम कळ आली आणि ती खालीच बसली. एक्स-रे आणि एमआरआय झाला, एल-१ मणका दबलाय, पुढची उंची साधारण ३० टक्के कमी, मॅरो एडिमा आहे, मागची भिंत शाबूत असं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात उठताना दुखणं दहापैकी ९ होतं, आता ६ म्हणते, पडून असली की २. भिंत धरून टॉयलेटला स्वतः जाते. डायक्लोफिनॅक आणि ट्रॅमाडॉल चालू आहे, चक्कर येते आणि चार-चार दिवस पोट साफ होत नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन घेते, क्रिएटिनिन १.२ आलंय. टेलर ब्रेस दिलाय तो दिवसरात्र घालून असते, झोपतानाही. एक डॉक्टर म्हणतात आठवड्याभरात व्हर्टेब्रोप्लास्टी किंवा कायफोप्लास्टी करून घ्या, नंतर उशीर होईल. दुसरे म्हणतात तीन महिने पट्टा लावा, काही करू नका. दादाला वाटतं सिमेंट भरून मोकळं व्हावं. मला कळत नाहीये.

उत्तर:
ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा ३० टक्के नाही आणि १.२ पण नाही, तो आहे ९ वरून ६. तीन आठवड्यांत उठतानाचं दुखणं एवढं उतरलंय आणि आई स्वतः टॉयलेटला जातेय, म्हणजे हाड जुळायच्या रस्त्याला लागलंय. अशा पेशंटला मी आज सिमेंट भरायला पाठवणार नाही. आता का नाही ते सांगतो, आणि कधी पाठवीन तेही सांगतो, कारण दादांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही.

आधी मणक्यात नेमकं काय झालंय ते बघू. मणक्याचा पुढचा गोल भाग आतून स्पंजसारखा जाळीदार असतो, हाडं ठिसूळ झाली की ही जाळी विरळ होते आणि पुढे वाकून वजन उचललं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, तिथे ती बसते आणि मणका पाचरीसारखा होतो. मागची भिंत शाबूत आहे म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला हाडाचा तुकडा सरकलेला नाही, ही चांगली गोष्ट. एडिमा म्हणजे हाडाच्या आत सूज, म्हणजे फ्रॅक्चर ताजं आहे, जुनं बरं झालेलं नाही. पडून असताना २ आणि उठताना ६ हे पण याच्याशी जुळतं, भार आला की ते चुरलेलं हाड आत हलतं आणि दुखतं, भार काढला की शांत होतं. बहुतेकांचं हे दुखणं ६ ते १२ आठवड्यांत बरंच उतरतं, काही न भरता.

आता सिमेंट. व्हर्टेब्रोप्लास्टीत एक्स-रे मशीनवर बघत पाठीतून जाड सुई मणक्यात घालतात आणि काही मिलिलिटर पीएमएमए नावाचं सिमेंट आत सोडतात, ते थोड्याच वेळात कडक होतं. कायफोप्लास्टीत आधी छोटा फुगा आत नेऊन फुगवतात, जागा करतात, मग त्या जागेत सिमेंट. ही आयडिया फ्रान्समध्ये १९८४ मध्ये सुरू झाली, तीही ठिसूळ हाडासाठी नव्हे तर मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. नंतर ठिसूळ हाडांसाठी इतकी पसरली की पेशंट रडत आत जायचा आणि दुसऱ्या दिवशी चालत बाहेर यायचा, डॉक्टरांना शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. मीही त्यातलाच एक, खोटं कशाला बोलू.

मग २००९ च्या ऑगस्टमध्ये एकाच जर्नलच्या एकाच अंकात दोन ट्रायल आल्या आणि आम्ही सगळे गप्प झालो. त्यात केलं काय होतं, तर अर्ध्या पेशंटना खरं सिमेंट भरलं आणि अर्ध्यांना नुसतं नाटक. नाटक म्हणजे पूर्ण नाटक हं, तेच ऑपरेशन रूम, पालथं झोपवणं, पाठीत भूल, आणि सिमेंटचा जो उग्र वास असतो तो खोलीत पसरावा म्हणून सिमेंट खरोखर तिथे उघडलं, फक्त मणक्यात घातलं नाही. पेशंटला माहीत नाही आपल्याला काय मिळालं. मोठ्या ट्रायलमध्ये १३१ पेशंट होते, सुरुवातीला दोन्हीकडे दुखणं सातच्या आसपास. महिन्याने सिमेंटवाल्यांचं सरासरी ३.९ आणि नाटकवाल्यांचं ४.६. म्हणजे सुधारले दोघेही, फरक पाऊण पॉइंटचा, तोही योगायोगाने येऊ शकेल एवढा. दुसरी ट्रायल ७८ जणांची, तिथेही तेच.

यावर खूप भांडणं झाली. विरोध करणारे म्हणाले की या पेशंटमध्ये काहींचं फ्रॅक्चर वर्षभर जुनं होतं, बरं झालेल्या हाडात सिमेंट घालून फायदा दिसेलच कसा. मुद्दा रास्त होता. म्हणून पुढे नेदरलँड्सवाल्यांनी फक्त ताजी फ्रॅक्चर, जास्तीत जास्त नऊ आठवड्यांची, एमआरआयवर एडिमा असलेली, अशी १८० माणसं घेतली आणि परत खरं सिमेंट विरुद्ध नाटक केलं. हे २०१८ मध्ये आलं. दोन्ही गटांचं दुखणं जवळजवळ आठवरून सुरू झालं आणि वर्षभरात दोन्हीकडे साधारण पाच पॉइंटने कमी झालं. त्याच वर्षी सगळ्या ट्रायल एकत्र करून कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यातही नाटकाच्या तुलनेत सिमेंटचा फायदा दहापैकी एका पॉइंटच्याही आतच निघाला, एवढासा फरक पेशंटला धड जाणवतही नाही.

याच नेदरलँड्सच्या लोकांची २०१० ची एक आधीची ट्रायल आहे, तिच्यातली एक बाजूची गोष्ट मला मुख्य रिझल्टपेक्षा जास्त आवडते. त्यात नाटक नव्हतं, सरळ सिमेंट विरुद्ध औषधं, आणि सिमेंट जिंकलं होतं, पण कोणाला काय मिळालं हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्नच आहे. गंमत पुढे आहे. ट्रायलमध्ये घेण्यासारखे ४३१ पेशंट मिळाले, आणि तपासण्या होऊन नाव घालायची वेळ येईपर्यंत त्यातल्या २२९ जणांचं दुखणं आपोआपच इतकं उतरलं की त्यांना सिमेंटची गरजच राहिली नाही. निम्म्याहून जास्त! तुमची आई मला या २२९ मधलीच वाटते. अशा पेशंटला तिसऱ्या आठवड्यात सिमेंट भरलं असतं तर पाचव्या आठवड्यात सगळे म्हणाले असते बघा सिमेंटने किती फरक पडला.

तरी मी दादांना पूर्ण चूक म्हणत नाही ते कशामुळे, तर २०१६ ची एक ऑस्ट्रेलियातली ट्रायल आहे, १२० पेशंट, फ्रॅक्चर सहा आठवड्यांच्या आतलं आणि दुखणं दहापैकी ७ किंवा जास्त, बरेच जण तर दुखण्यामुळे हॉस्पिटलमध्येच पडून. इथेही नाटकाचा गट होता. चौदा दिवसांनी दुखणं ४ च्या खाली आलेले पेशंट सिमेंटच्या गटात ४४ टक्के, नाटकाच्या गटात २१ टक्के. हा फरक खरा आहे, दुप्पट आहे. यावर आक्षेपही आहेत, खर्च सिमेंटचं किट बनवणाऱ्या कंपनीने केला होता आणि इथलं नाटक आधीच्या ट्रायलपेक्षा हलकं होतं, भूल हाडापर्यंत न देता फक्त कातडीखाली दिली. पण मी ही ट्रायल फेकून देत नाही. माझ्याकडे एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, दोन आठवडे झाले तरी कूससुद्धा बदलता येत नव्हती, दुखणं ९ च्या खाली यायला तयार नाही, गोळ्या वाढवल्या की गुंगीत बडबड करायच्या, छातीत कफ भरायला लागला. त्यांना मी सिमेंटला पाठवलं आणि परत तशी वेळ आली तर परत पाठवीन. पडून राहिल्याने न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, स्नायू वितळणं हे सगळं अशा वेळी सुईच्या धोक्यापेक्षा मोठं असतं.

म्हणजे सिमेंट कोणासाठी, तर ताजं फ्रॅक्चर, दुखणं ७ किंवा जास्त, नीट औषध देऊनही उतरत नाही, माणूस अंथरुणाला खिळलेला, आणि बोटाने दाबल्यावर दुखणारी जागा एमआरआयमधल्या एडिमाच्याच मणक्यावर. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनेही साधारण असंच लिहिलंय, औषधांचा नीट प्रयत्न करूनही तीव्र दुखत असेल तर पर्याय म्हणून विचार करा. आईचं यात काय बसतं? एडिमा बसतो, बाकी काही नाही.

कायफोप्लास्टी जास्त भारी आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण पुढच्या भेटीत तुमच्यासमोर नक्की येईल. फुग्याने मणक्याची उंची थोडी वर येते, एक्स-रे बघायला छान वाटतो. पण दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून ३८१ पेशंटमध्ये पाहिलं तेव्हा दुखण्यात आणि हालचालीत म्हणावा असा फरक निघाला नाही. ३०० जणांच्या एका ट्रायलमध्ये कायफोप्लास्टीवाले नुसत्या औषधांवर असलेल्यांपेक्षा महिन्याने पुढे होते, वर्षभरात ते अंतर कमी होत गेलं, आणि तिथेही नाटकाचा गट नव्हता. नाटकाचा गट नसेल तर काय होतं ते वर सांगितलंच.

धोका किती? सीटी करून पाहिलं तर सिमेंट थोडंफार मणक्याबाहेर गळलेलं बऱ्याच जणांमध्ये दिसतं, बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. क्वचित ते शिरेतून फुप्फुसात जातं किंवा मागे नसांवर दाब देतं, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर होतं. क्वचित म्हणजे क्वचितच, उगाच घाबरवत नाही, पण जो फायदा नाटकापेक्षा पाऊण पॉइंट आहे त्यासाठी क्वचित धोकाही का घ्यायचा हा माझा हिशोब.

राहिला तो आठवड्याभराचा मुद्दा. फ्रॅक्चर ताजं असताना सिमेंट केलं तर फायद्याची शक्यता जास्त, यात तथ्य आहे. पण पुढच्या सोमवारी दार बंद होतं असं काही नाही. ज्या ट्रायलमध्ये फायदा दिसला तिची मुदत सहा आठवड्यांची होती, तुमचे अजून तीन बाकी आहेत. तेव्हा असं करा, एका वहीत रोज दोनच आकडे लिहा, सकाळी अंथरुणातून उठतानाचं दुखणं आणि दुपारी पडून असतानाचं. उठतानाचा आकडा दर आठवड्याला अर्धा-एक पॉइंट जरी खाली जात असेल तरी आपण थांबायचं. सलग दहा दिवस अडकला किंवा वर चढायला लागला तर थांबायचं नाही, उभं राहून नवीन एक्स-रे काढायचा आणि आधीच्याशी ताडून बघायचा. मणका अजून बसतोय का, शेजारचा नवा दबलाय का, किंवा आत पोकळी राहून हाड जुळायचंच थांबलंय का, हे तिथे कळतं. हे शेवटचं ओळखायची खूण म्हणजे झोपवून काढलेल्या एक्स-रेत मणक्याची उंची उघडते आणि उभं राहिलं की परत मिटते, बहुतेक वेळा आत काळी फट दिसते. अशा न जुळणाऱ्या मणक्यात मीसुद्धा सिमेंटचा विचार लवकर करतो.

आता पट्ट्याबद्दल. दुसऱ्या डॉक्टरांचं काही न करणं मला अर्धंच पटतं, कारण त्यात पट्टाच सगळं काम करणार असं गृहीत धरलंय. कोरियात २०१४ मध्ये ६० पेशंटचे तीन गट केले, कडक ब्रेस, मऊ पट्टा, आणि काहीच नाही. बारा आठवड्यांनी रोजच्या हालचालीत तिन्ही गट सारखेच. जपानमध्ये कडक आणि मऊ पट्टा मोठ्या गटात पाहिले, वर्षभराच्या आसपास मणका किती दबला यात फरक नाही. म्हणजे पट्टा हाड जोडत नाही. तो पुढे वाकू देत नाही आणि उभं राहायचा धीर देतो, एवढंच त्याचं काम, आणि तेवढ्यासाठी सुरुवातीचे आठवडे वापरायला माझी हरकत नाही.

पण झोपताना कशाला? पडलं की मणक्यावर भारच नसतो, तेव्हा पट्टा फक्त बरगड्यांना टोचतो, कातडी लाल होते, श्वास उथळ होतो, पोटावर दाब येऊन जेवण जात नाही, आणि ४८ किलोच्या बाईचं जेवण कमी होणं आपल्याला अजिबात परवडणारं नाही. तर बसताना, उभं राहताना, चालताना लावा, दीड-दोन तासांनी काढून पडू द्या, काढल्यावर खांद्याखाली आणि कमरेच्या हाडावर वण दिसतोय का बघा. वण अर्ध्या तासात जात नसेल तर पट्टा चुकीच्या मापाचा आहे. साधारण सहा-आठ आठवड्यांनी हळूहळू वेळ कमी करत सोडायचा, तीन महिने नाही, कारण पाठीचे स्नायू कामच विसरतात. आणि कोणी त्याऐवजी कमरेचा रुंद बेल्ट आणून दिला तर तो एल-१ ला पुरत नाही, एल-१ म्हणजे छातीचा आणि कमरेचा सांधा, बेल्ट त्याच्या खालीच संपतो.

औषधांत मला सगळ्यात जास्त खटकलं ते डायक्लोफिनॅक. टेल्मिसार्टनसोबत हे औषध घेतलं की किडनीतला रक्त गाळायचा दाब दोन्ही बाजूंनी कमी होतो. क्रिएटिनिन १.२ ऐकायला किरकोळ वाटतं, पण वय आणि वजन घालून हिशोब करा, १४० मधून ७४ वजा केले ६६, गुणिले ४८, बाई म्हणून गुणिले ०.८५, आणि या सगळ्याला ७२ आणि १.२ च्या गुणाकाराने भागा, उत्तर येतं ३१ च्या आसपास. म्हणजे किडनीचं काम बरंच कमी आहे, आणि डायक्लोफिनॅकने ते अजून खाली जाऊ शकतं. तर डॉक्टरांशी बोलून ते बंद करा आणि दहा दिवसांनी क्रिएटिनिन परत तपासा.

त्याऐवजी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दुखो न दुखो, घड्याळ लावून. दुखेल तेव्हा गोळी ही सवय मोडा, कारण दुखणं चढल्यावर पॅरासिटामॉल त्याला गाठू शकत नाही. यातला एक डोस सकाळी उठायच्या अर्धा-पाऊण तास आधी अंथरुणातच. ट्रॅमाडॉल एकदम बंद करू नका, पण चक्कर येतेय ही माझ्यासाठी धोक्याची घंटा आहे, कारण टॉयलेटच्या वाटेवर पडून खुबा मोडला तर मणक्याचं दुखणं आठवणारसुद्धा नाही. डॉक्टरांना विचारून कमी डोसवर या आणि ज्या वेळी सगळ्यात जास्त हालचाल असते फक्त त्या वेळेला ठेवा, मग एक-दोन आठवड्यांत थांबवा. आई झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी घेत असेल तर ते आधी सांगा, काहींची ट्रॅमाडॉलशी जमत नाही. आणि पोट साफ व्हायचं औषध ट्रॅमाडॉलच्या पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं होतं. कुंथलं की पोटातला दाब वाढतो, पाठ आखडते आणि मणका परत कळ मारतो, कित्येकदा घरचे म्हणतात दुखणं वाढलं आणि बघावं तर चार दिवस पोट साफ नाही, एवढंच कारण असतं. नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा स्प्रे काही ठिकाणी देतात, पहिल्या काही आठवड्यांत दुखणं थोडं उतरवतो, पण महिन्याच्या पुढे नको, लांबवर वापरल्यावर कॅन्सरचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं म्हणून युरोपच्या औषध यंत्रणेने २०१२ मध्ये हा स्प्रे बाजारातून काढायला सांगितला.

उठायची पद्धत बदला, यासारखा फुकटचा पेनकिलर नाही. उताणं पडून सरळ उठून बसायचं नाही, गुडघे वाकवायचे, खांदा आणि कंबर एकत्र ठेवून ओंडक्यासारखं कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने गादीला रेटा देऊन वर यायचं. पडताना उलटं.

आता ज्या गोष्टीचा पत्रात उल्लेखच नाही ती. पट्टा आला, एमआरआय आला, सिमेंटची चर्चा झाली, पण हाडाचं औषध कोणी सुरू केलंय का? बादली उचलून मणका दबला म्हणजे ऑस्टिओपोरोसिस सिद्ध झाला, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचा आकडा काय येतो यासाठी अडून बसायची गरज नाही. एक मणका दबलेल्या बायकांमध्ये औषध नसेल तर वर्षभरात साधारण पाचातल्या एकीचा दुसरा मणका दबतो. वरच्या त्या आजी आठवतात ना, सिमेंटनंतर चालायला लागल्या म्हणून सगळे खूश, हाडाचं औषध पुढच्या भेटीला बघू म्हणून राहिलं, ती चूक माझीच. दहा आठवड्यांनी वरचा मणका दबला.

औषध निवडताना वरचं ३१ परत आडवं येतं. वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड ३५ च्या खाली देत नाहीत, आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळीही नको. म्हणून डायक्लोफिनॅक थांबवून पुन्हा तपासणी आधी, औषध नंतर. आकडा ३५ च्या वर आला तर रस्ता मोकळा होतो, नाही आला तर टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन, जास्तीत जास्त दोन वर्षं, हा चांगला पर्याय आहे. मणके मोडलेल्या बायकांमध्ये याची तुलना रिसेड्रोनेटच्या गोळीशी केली तेव्हा दोन वर्षांत नवीन मणका दबण्याचं प्रमाण ५.४ टक्के विरुद्ध १२ टक्के होतं. आकडा ३० च्याही खाली गेला तर मात्र टेरिपॅराटाइडचा परत विचार करावा लागेल. सहा महिन्यांनी देतात ते डेनोसुमॅब कमजोर किडनीतही चालतं, पण आधी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी भरून घ्यावं लागतं नाहीतर कॅल्शियम धाडकन पडतं, आणि एकदा सुरू केलं की तारीख चुकवायची नाही, मध्येच सोडलं तर एकदम दोन-तीन मणके दबल्याचे पेशंट मी पाहिलेत.

औषधाच्या आधी रक्ताच्या तपासण्या करून घ्या, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, अल्कलाइन फॉस्फेटेज, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर, आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. हे शेवटचं नाव चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या. या वयात मोडलेला मणका आणि चढलेलं क्रिएटिनिन एकत्र दिसलं की मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर नाही ना हे एकदा बघावंच लागतं, बहुतेक वेळा नॉर्मल येतं आणि विषय संपतो.

यातलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा: पायात जोर कमी वाटणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी अडकणं किंवा कळत न होणं, ताप. आणि आत्ता पडून असताना दुखणं २ आहे, ते उलटं होऊन रात्री पडून असतानाच वाढायला लागलं तर चार दिवसांत दाखवा, कारण ठिसूळपणाचं फ्रॅक्चर पडल्यावर शांत होतं, इन्फेक्शन आणि गाठ होत नाहीत.

सहावा आठवडा पूर्ण होईल त्या दिवशी उभं राहून एक एक्स-रे काढा आणि वहीतले आकडे घेऊन सिमेंट सुचवणाऱ्या डॉक्टरांकडेच परत जा. उठतानाचा आकडा तेव्हा ३-४ असेल तर तेही सुई काढणार नाहीत, आणि ७ असेल तर मीही त्यांच्याच बाजूने बोलेन.